पेस्ट केलेल्या तक्त्यातले टक्के ९०.८ च होतात. उरलेले नऊ गेले कुठे?

सड्यावरचा
देवगड तालुक्यातलं आमचं गाव, पाच वाड्या. एकत्र आंबा विकायला संस्था काढावी का, यावर दर शिमग्याला नुसती चर्चा होते. म्हणून गेल्या पावसाळ्यात आम्ही पाच-सहा जणांनी दारोदार फिरून बागायतदारांकडून फॉर्म भरून घेतले. चौथा प्रश्न असा होता: यंदाच्या आंब्यातला सगळ्यांत मोठा वाटा कुठे गेला? उत्तर एकच द्यायचं. फॉर्म १६२ जमले. संगणकात भरायचं काम चुलतभावाने केलं आणि मेलमध्ये हा तक्ता पेस्ट करून पाठवला:

वाशी मार्केट – ३७.४
कॅनिंग – २०.९
थेट ग्राहकाला – १४.१
कलमं कराराने दिली – ११.७
पुणे-कोल्हापूर मार्केट – ६.७
एकूण – १००.०

परवा बैठकीत तो वाचून दाखवला. आमच्याकडे एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांनी डोळे मिटून बेरीज केली आणि म्हणाले, "बाळा, हे नव्वद पूर्णांक आठ होतात." सगळे माझ्याकडे बघायला लागले. खाली तर स्पष्ट १००.० लिहिलंय! भाऊ आता पुण्यात नोकरीला आहे, रात्रीशिवाय फोन उचलत नाही. कुठे घोळ झाला असेल?

चिपळूणकर_इंजिनीअर
राउंडिंग. टक्के कधीच बरोबर १०० होत नाहीत, सरकारी अहवालांतसुद्धा खाली तशी टीप असते. फार डोकं लावू नका. प्रत्येक आकड्याला ९०.८ ने भागा आणि १०० ने गुणा, आपोआप शंभर होतील. वाशी ४१.२, कॅनिंग २३.०, असं करत जा. दोन मिनिटांचं काम.

बाब्या_मालवणी
वाशीक यंदा पेटयेक काय दर गावलो तां लिवा आधी. टक्के घेवन काय करतलास?

सड्यावरचा
बाबा, दराचा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता. विचारला असता तर खरं कोणी सांगितलं असतं का?

कोकम_सरबत
इंजिनीअर साहेब, टीप असते हे खरं. पण त्या टीपेखाली किती मावतं ते बघा. इथे आकडे एका दशांशापर्यंत आहेत. म्हणजे प्रत्येक ओळीत जास्तीत जास्त ०.०५ ची लबाडी होऊ शकते. ओळी पाच. पाचही ओळी एकाच बाजूला चुकल्या तरी बेरीज ०.२५ ने हलेल आणि तेवढंसुद्धा क्वचित होतं, कारण काही वर जातात, काही खाली येतात. सगळे आकडे पूर्णांकात असते तरी पाच ओळींत अडीचच्या पुढे जाता आलं नसतं. इथे तूट ९.२ ची आहे. ही राउंडिंगची नाही, कोणीतरी मोजायचं राहिलंय.

आणि ९०.८ ने भागायचा उपाय तर मुळीच करू नका. त्यात तुम्ही असं धरून चालता की हरवलेले लोक उरलेल्यांसारखेच आहेत, त्यांच्यातलेही ४१ टक्के वाशीला जाणारे. ते कोण आहेत हेच अजून माहीत नाही.

सड्यावरचा, दोन गोष्टी सांग. शंभर हा आकडा सूत्राने आलाय की हाताने टाइप केलाय? आणि फॉर्म नक्की १६२ च आहेत ना? हे अशासाठी विचारते की तुझा तक्ता १६२ म्हणत नाहीये.

चिपळूणकर_इंजिनीअर
तक्त्यात फॉर्मची संख्याच नाही, मग तो म्हणेल कसा?

कोकम_सरबत
म्हणतो की. १६२ फॉर्म असतील तर एका फॉर्मची किंमत साधारण ०.६२ टक्के. माणूस अर्धा नसतो, त्यामुळे टक्के त्या पायऱ्यांवरच थांबणार. वाशीच्या ओळीत ६० माणसं असतील तर ३७.०, ६१ असतील तर ३७.७. मधला ३७.४ हा १६२ मधून निघूच शकत नाही. कॅनिंगचंही तेच: ३३ म्हणजे २०.४, ३४ म्हणजे २१.०. मध्ये २०.९ ला जागा नाही.

मग मागे-पुढे करून पाहिलं. १५० पासून १७० पर्यंत एकेका आकड्याने भागून बघितलं, पाचही ओळी फक्त १६३ ला बसतात. ६१, ३४, २३, १९ आणि ११. यांना १६३ ने भागलं की तुझा तक्ता जसाच्या तसा येतो. माणसांची बेरीज १४८. म्हणजे भागाकार १६३ ने झालाय आणि मोजली गेलीत १४८ माणसं.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही बरं. एक दशांश असेल तर माणसं हजाराच्या बरीच आत हवीत. पुढे पायऱ्या इतक्या जवळ येतात की कुठलाही आकडा कुठेतरी बसतोच. पूर्णांकी टक्के असतील तर शंभराच्याही आत. तुमच्या गावाच्या मापाला ती बरोबर बसते.

सड्यावरचा
काकू, आता उठून गठ्ठा पुन्हा मोजला. १६२. दोनदा मोजला, आईकडूनही मोजून घेतला. १६३ वा फॉर्म नाही.

हिशेबनीस
एकाचा फरक असेल तर माझा अनुभव सांगतो. यादीतली शीर्षकाची ओळ मोजली गेली असणार. आमच्या कारकुनाने एकदा पतपेढीच्या सभासदांत "सभासदाचे नाव" हासुद्धा एक सभासद धरला होता. वार्षिक सभेला गणपूर्ती एकाने झाली म्हणून सगळे खूश.

कोकम_सरबत
माझाही संशय तिथेच आहे. भावाकडून मूळ शीट माग. पेस्ट केलेला तक्ता म्हणजे वाळवलेला मासा, आकार तोच पण आत काय होतं ते कळत नाही. पेस्ट करताना सूत्रं जातात, नुसते आकडे उरतात. कुठल्या आकड्याने भागलं ते सूत्रात दिसतं.

हर्णैकरीण
मध्येच घुसते, माफ करा. माझं उलटं आहे. आमच्या बंदरातल्या ४५ होड्यांची नोंद केली, कुठल्या होडीवर कुठलं जाळं. ट्रॉल, डोल, गिलनेट असे टक्के काढले तर बेरीज १३१ आली. म्हणजे मीही काहीतरी दोनदा मोजलंय का? ९०.८ वाल्यांना माझ्यातले थोडे देऊ का? :)

कोकम_सरबत
काही होड्यांवर दोन-दोन जाळी असतील ना? मग तुझं बरोबर आहे. ४५ होड्यांमागे ५९ जाळी असली की १३१ च होणार. तुझ्या तक्त्यात "एकूण १००" ही ओळच नको, त्याऐवजी "एकूण होड्या ४५, एकीवर एकाहून जास्त जाळी असू शकतात" असं लिही. तो ओढूनताणून १०० वर आणलास तर "अमुक टक्के होड्यांवर ट्रॉल" हे वाक्यच खोटं होईल. सड्यावरचा याच्या फॉर्मवर मात्र एकच उत्तर मागितलंय, तिथे शंभर व्हायलाच हवेत.

हर्णैकरीण
हो, दोन जाळीवाल्या बऱ्याच आहेत. बरं झालं, मी गिलनेटचा आकडा गुपचूप कमी करणार होते.

सड्यावरचा
भावाने रात्री शीट पाठवली. हिशेबनीस, तुमच्या तोंडात साखर. कॅनिंगच्या ओळीत हे सूत्र आहे:

```
=COUNTIF(D:D,"कॅनिंग")/COUNTA(A:A)
```

A म्हणजे अनुक्रमांकाचा रकाना, D म्हणजे चौथ्या प्रश्नाचं उत्तर. A1 मध्ये "अ.क्र." लिहिलंय आणि COUNTA ने तेही मोजलंय. शेवटचा फॉर्म १६३ व्या ओळीत आहे, म्हणजे फॉर्म १६२ च. आणि शंभर हाताने टाइप केलेले! भावाला विचारलं तर म्हणाला, "एकूण म्हणजे शंभरच असतात ना?"

आता भागाकाराचं कळलं. पण १४८ आणि १६२ मधले १४ जण?

चिपळूणकर_इंजिनीअर
१६२ ने भागून घ्या, झालं. एका माणसाने असा काय फरक पडणार. १४ जणांनी उत्तर दिलं नसेल, ते सोडून द्या.

कोकम_सरबत
एका माणसाने फरक पडत नाही, खरंय. पण त्या एकामुळेच सूत्र बघायला लागलं. आणि १४ जण गप्प बसले हे कशावरून? COUNTIF हे अक्षराला अक्षर लावून बघतं. त्याला "कॅनिंग" सांगितलं तर तो ऱ्हस्व वेलांटीचाच कॅनिंग मोजणार. पाच-सहा पोरांनी फॉर्म भरले, उत्तरं टाइप करताना भावानेही घाईत लिहिली असतील. D रकान्यावर फिल्टर लाव आणि खाली उघडणारी यादी वाच. त्यात वेगवेगळं जितकं लिहिलंय तितकं सगळं दिसेल. तक्त्यात पाच ओळी आहेत, यादीत किती येतात ते सांग.

सड्यावरचा
नऊ! हसावं की रडावं कळेना. यादी अशी:

पाच आपल्या तक्त्यातल्या. त्यांच्याशिवाय:
"कॅनींग" (दीर्घ) – ६
"घरीच साटं आणि आमरस" – ३
"वाशी, कॅनिंग" (दोन्ही) – १
रिकामं – ४

सहा, तीन, एक, चार. चौदा. मास्तरांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "ऱ्हस्व-दीर्घासाठी मी तुझ्या भावाला सातवीत उभा केला होता."

कोकम_सरबत
आता बघा इंजिनीअर साहेब, हरवलेले कसे होते ते. चौदातले सहा कॅनिंगवाले आणि वाशीचा पूर्ण असा एकही नाही. तुमच्या पद्धतीने ९०.८ ने भागलं असतं तर वाशी ४१.२ झालं असतं. खरं किती आहे?

सड्यावरचा
"कॅनींग" दुरुस्त करून कॅनिंगमध्ये घातले, ते ४० झाले. बाकीच्यांना आपापली ओळ दिली. सगळ्यांना १६२ ने भागलं. या वेळी माणसांचा रकानाही ठेवलाय:

वाशी मार्केट – ६१ – ३७.७
कॅनिंग – ४० – २४.७
थेट ग्राहकाला – २३ – १४.२
कलमं कराराने दिली – १९ – ११.७
पुणे-कोल्हापूर मार्केट – ११ – ६.८
घरीच प्रक्रिया – ३ – १.९
दोन उत्तरं – १ – ०.६
उत्तर नाही – ४ – २.५
एकूण – १६२ – १००.१

आणि या वेळी प्रत्येक ओळ ROUND ने एका दशांशावर आणून त्यांचं एकूण सूत्राने काढलंय. शंभराच्या वर एक दशांश गेलं! हे पुन्हा काय?

चिपळूणकर_इंजिनीअर
बरं, वाशी ३७.७. मान्य, माझा ४१ चुकला असता. पण आता हे एक दशांश राउंडिंगच आहे की नाही? माझं पहिलं वाक्य कुठेतरी उपयोगी पडू द्या.

कोकम_सरबत
पडलं. आठ ओळी, जास्तीत जास्त ०.४ पर्यंत मुभा आणि तुम्ही ०.१ वर आहात. शिवाय माणसांचा रकाना बरोबर १६२ होतो, त्यामुळे शंकेला जागा नाही. हा रकाना पहिल्यापासून असता तर मास्तरांना डोळे मिटावे लागले नसते.

हिशेबनीस
पण सभेत १००.१ ठेवू नका. पुन्हा कोणी बेरीज करेल आणि पुन्हा अर्धा तास जाईल. एखादी ओळ ०.१ ने कमी करायची. साधारणपणे सगळ्यांत मोठी ओळ निवडतात, तिथे टोचत नाही. वाशी ३७.६ करा, १००.० होईल. किंवा नियमाने जायचं तर सगळे आकडे आधी खाली कापा आणि ज्यांचं कापलेलं शेपूट मोठं त्यांना एकेक दशांश परत द्या, शंभर भरेपर्यंत.

कोकम_सरबत
दुसरी पद्धत निदान नियमाने चालते, पण तीसुद्धा मी इथे लावणार नाही. ६१ भागिले १६२ हे ३७.६५ आहे. पहिल्या पद्धतीत कोणी मोबाइलवर करून पाहिलं तर ३७.७ येणार आणि तुमच्या कागदावर ३७.६. दुसरीत घरीच प्रक्रियेच्या ओळीचं तेच, १.९ च्या जागी १.८. एक प्रश्न टाळायला दुसरा ओढवून घ्यायचा कशाला? खाली लिहा, "दशांशामुळे बेरीज १००.१".

हिशेबनीस
तुम्ही कधी गावच्या सभेत कागद वाचलेला दिसत नाही काकू.

कोकम_सरबत
वाचलाय. कणकवलीच्या बाजूला, दोन तास. चहा संपला तरी सोडत नव्हते.

सड्यावरचा
दुसराच वाद उभा राहिलाय. आमचे सचिव म्हणतात, ज्यांनी उत्तरच दिलं नाही त्या चौघांना का मोजायचं? १५८ ने भागा. तसं केलं की वाशी ३८.६ आणि कॅनिंग २५.३ होतात. त्यांना "चारात एक जण कॅनिंगला घालतो" असं म्हणायचंय आणि २४.७ पेक्षा २५.३ वर ते जोरात म्हणता येतं.

कोकम_सरबत
दोन्ही बरोबर आहेत, फक्त वाक्य बदलतं. १६२ वर "फॉर्म भरलेल्यांपैकी" म्हणायचं, १५८ वर "उत्तर दिलेल्यांपैकी". चारच जण आहेत म्हणून फरक एका टक्क्याच्या आत राहतो, चाळीस असते तर मी भांडले असते. एका कागदावर दोन्ही पद्धती मिसळू नका, एवढंच. पहिल्या प्रश्नाला १६२, चौथ्याला १५८ आणि शीर्षकात काहीच नाही, असं झालं की वाचणारा दोन तक्ते शेजारी ठेवून तुलना करतो आणि फसतो. प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर किती जणांवरून काढलाय ते लिहा. आणि "चारात एक" तर २४.७ वरही म्हणता येतं, त्यासाठी पाया बदलायची गरज नाही.

मला खरी भीती वेगळीच आहे. हे टक्के माणसांचे आहेत, आंब्याचे नाहीत. तुमच्या ६१ जणांत पंचवीस कलमांचा एखादा असेल आणि हजार कलमांचाही असेल, दोघांची किंमत इथे एकच. "गावचा ३७.७ टक्के आंबा वाशीला जातो" असं कोणी बोललं तर ते या तक्त्यात नाही.

सड्यावरचा
अरे देवा. पत्रकात तेच वाक्य छापायला दिलंय. :(

चिपळूणकर_इंजिनीअर
मग पेट्यांची संख्या विचारली होती का? तिने गुणून घ्या.

सड्यावरचा
कलमं किती हे विचारलंय, पेट्या नाहीत. आणि एका कलमाला किती आंबा येईल ते वर्षावर. यंदा खालच्या वाडीत मोहोर गळला, वरच्या वाडीत चांगला धरला.

कोकम_सरबत
शिवाय वाशीला पेटी मोजतात आणि कॅनिंगला किलो. दोन्ही एका मापात आणणं सोपं नाही. आणि तुमचा प्रश्न "सगळ्यांत मोठा वाटा" असा आहे. मार्च-एप्रिलचा आंबा वाशीला लावून मे अखेरचा कॅनिंगला घालणारा माणूस तुमच्याकडे फक्त वाशीत दिसतो. मला वाटतं कॅनिंगला हात लावणारे ४० पेक्षा बरेच जास्त असतील, पण किती ते या फॉर्ममधून निघणार नाही. कलमांच्या संख्येने वजन द्यायचं का, यावर मी स्वतःही ठाम नाही. नसलेल्या माहितीचा अंदाज घालून केलेला आकडा सभेत खरा म्हणून फिरतो.

हिशेबनीस
मी देईन वजन. काहीच नसण्यापेक्षा कलमांचा आकडा बरा.

बाब्या_मालवणी
मी पयल्यांदाच म्हटलेलंय, दर इचारा म्हणान.

सड्यावरचा
बाबा, पुढच्या फॉर्ममध्ये दर आणि पेट्या दोन्ही घालतो, तुम्हीच पहिला भरा.

पत्रकवाल्याला फोन केला, छपाई उद्या आहे. वाक्य बदलून घेतलं: "फॉर्म भरलेल्या १६२ बागायतदारांपैकी ६१ जणांनी आंब्याचा सर्वांत मोठा वाटा वाशीला लावला." टक्के काढूनच टाकले तिथून. तक्ता मागच्या पानावर, १६२ वर, खाली १००.१ ची टीप. सचिव अजून १५८ वर अडून आहेत, रविवारी बघू.

आणि तो "वाशी, कॅनिंग" लिहिलेला फॉर्म सापडला. आमच्याच काकांचा. विचारलं, मोठा वाटा कुठला? म्हणाले, "अर्धा-अर्धा. तू मला एकात कोंबू नकोस."